परदेशातून पैसा आला, पण कोणत्या मालाचा?

माजलगाव, गेवराई, वडवणी, धारूर या पट्ट्यातल्या जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ न्हावा शेवा बंदरातून परदेशी जाते, तेव्हा तिच्यामागे दोन कागद राहतात. एक इनव्हॉइस. दुसरा बँकेचा दाखला, म्हणजे परदेशातून पैसा आल्याचा पुरावा, ज्याला व्यापारात आजही सगळे ‘एफआयआरसी’ म्हणतात. या दोन कागदांवरच्या रकमा शेजारी ठेवायच्या, जुळल्या की खूण करायची आणि फाईल बंद करायची, अशी बहुतेक हिशेबनिसांची रीत असते. या रीतीत रकमेला जरुरीपेक्षा फार जास्त मान मिळतो, असे माझे म्हणणे आहे. मालाचा पैसा बरोबर वसूल झाला की नाही हे ठरवताना रकमेचा मेळ हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. पैसा कुणी पाठवला, कशापोटी पाठवला, कोणत्या शिपिंग बिलापोटी पाठवला आणि रकमेत जो फरक पडला त्याचे नाव काय, हे आधी ठरायला हवे. रक्कम शेवटी बघायची.

याचे कारण त्या दाखल्याच्या घडणीतच आहे. एफआयआरसी सांगते की अमुक तारखेला, अमुक देशातून, अमुक माणसाकडून, एवढे परकी चलन आले आणि अमुक खात्यात जमा झाले. हा पैसा कोणत्या गाठींचा आहे हे तिला माहीत नसते. ते सांगणारा कागद वेगळा, ई-बीआरसी नावाचा, परकी व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवरचा. पूर्वी एफआयआरसी हा बँकेने जपून ठेवलेल्या खास कागदावर छापून मिळणारा दाखला होता. २०१६ नंतर निर्यातीच्या पैशासाठी त्याची जागा नोंदीने घेतली. आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद बँक रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या प्रणालीत करते, तिला क्रमांक मिळतो आणि व्यापारात तिला ‘आयआरएम’ म्हणतात. दुसऱ्या बाजूने कस्टमकडून प्रत्येक शिपिंग बिल त्याच प्रणालीत येऊन पडते आणि उघडे राहते. रिझर्व्ह बँकेने ही प्रणाली २०१४ मध्ये सुरू केली ती याच कामासाठी: एका बाजूला उघडी बिले, दुसऱ्या बाजूला आलेले पैसे, आणि मध्ये जोडणी. ती जोडणी आपोआप होत नाही, कुणीतरी करावी लागते. ती चुकीची झाली तरी प्रणाली तक्रार करत नाही, कारण तिच्या दृष्टीने बिल बंद झालेले असते.

समजण्यासाठी एक व्यवहार आकड्यांसह धरू. आकडे कल्पित आहेत, घडण खरी. माजलगाव भागातला एक जिनिंगवाला व्हिएतनामच्या हायफाँग बंदरावर चाळीस फुटी दोन कंटेनर पाठवतो. प्रत्येकात १४७ गाठी, गाठ सरासरी १७० किलोची, म्हणजे एकूण २९४ गाठी आणि ४९,९८० किलो. आपल्याकडे भाव खंडीचा, पण जगाच्या बाजारात तो पौंडाला सेंटमध्ये ठरतो. ४९,९८० किलो म्हणजे सुमारे १,१०,१८७ पौंड. दर ८४ सेंट, भाडे धरून हायफाँगपर्यंत. इनव्हॉइस झाले ९२,५५७ डॉलरचे. त्यात जहाजाचे भाडे १,५५७ डॉलर. उरलेले ९१,००० डॉलर हे मालाचे बंदरावरचे मूल्य, म्हणजे एफओबी. करार असा की वीस टक्के आगाऊ आणि बाकी माल उतरून तिकडे वजन झाल्यावर. आगाऊ रक्कम मागायची त्या दिवशी गाठी पूर्ण दाबलेल्या नसतात, पक्के वजन हाती नसते. म्हणून प्रोफॉर्मा अंदाजाने १,१०,००० पौंडांचा, ९२,४०० डॉलरचा निघतो आणि आगाऊ मागणी होते १८,४८० डॉलरची. खात्यात जमा होतात १८,४५०. वाटेतल्या बँकेने ३० डॉलर कापलेले असतात.

पहिली गफलत इथेच होते आणि रकमेकडे बघून ती सापडत नाही. आगाऊ पैसा आला त्या दिवशी इनव्हॉइस अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे पैशाच्या संदेशात खरेदीदाराने फार तर प्रोफॉर्माचा किंवा कराराचा क्रमांक लिहिलेला असतो. शिपिंग बिलावर मात्र इनव्हॉइसचा क्रमांक असतो. हे दोन क्रमांक एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना जोडणारा दुवा एकच, कराराचा क्रमांक, आणि तो इनव्हॉइसवर छापला नसेल तर जोडणी आठवणीवर चालते. त्याच खरेदीदाराशी महिन्याभरात तशाच दोन कंटेनरचा दुसरा सौदा झाला, तर त्याचाही प्रोफॉर्मा १,१०,००० पौंडांचाच निघण्याचा संभव मोठा, कारण कंटेनर तेच आणि अंदाज तोच. मग १८,४८० च्या मागणीपोटी १८,४५० डॉलर दोनदा येतात, आणि कोणता कोणाचा हे रकमेवरून कधीच कळत नाही. दुसऱ्या सौद्याचा पैसा पहिल्या बिलाला लागला तर बेरीज बिघडत नाही. पण पुढे दुसरा सौदा मोडला, आगाऊ परत करायची वेळ आली, की जो पैसा परत पाठवायचा तो आधीच एका बिलात खर्च झालेला दिसतो. पक्की इनव्हॉइसे सहसा सेंटपर्यंत सारखी येत नाहीत, कारण गाठीगाठीचे वजन वेगळे असते. आगाऊ रकमा मात्र गोल अंदाजाच्या असल्यामुळे जुळी भावंडे निघतात.

यावर एक सोपी तपासणी आहे आणि ती तारखेची आहे. प्रत्येक आलेल्या रकमेला बँक उद्देशाचा सांकेतिक क्रमांक लावते. मालाच्या निर्यातीची आगाऊ रक्कम असेल तर P0103, आणि माल गेल्यावर वसुलीला पाठवलेल्या बिलाचा पैसा असेल तर P0102. आगाऊची तारीख शिपिंग बिलाच्या आधीची असायला हवी, वसुलीची नंतरची. P0102 लावलेली रक्कम शिपिंग बिलाच्या आधीच्या तारखेची दिसली, तर एकतर सांकेतिक क्रमांक चुकला आहे किंवा रक्कम भलत्याच बिलाला लागली आहे. तिसरी शक्यता जवळजवळ नसते. खात्यावर पैसे पडताना शाखेतून ‘हे कशाचे?’ असा फोन येतो आणि जिनिंगच्या आवारातून जो उत्तर देतो तो घाईत असतो. चुकीचे बीज तिथे पडते. सांकेतिक क्रमांक बँकेकडून दुरुस्त करून घेता येतो, आणि तो जोडणीच्या आधी करून घ्यावा.

आता बाकीची रक्कम. इनव्हॉइसमधून मागितलेली आगाऊ रक्कम वजा केली तर येणे ७४,०७७ डॉलर. हायफाँगला वजन केल्यावर खरेदीदार ३०० किलो तूट दाखवतो. तीनशे किलोचे ८४ सेंट दराने ५५५.५६ डॉलर होतात. तेवढे कापून तो ७३,५२१.४४ पाठवतो, वाटेत ३५ डॉलर बँका घेतात आणि जमा होतात ७३,४८६.४४. दोन्ही मिळून हाती आले ९१,९३६.४४ डॉलर. इनव्हॉइसपेक्षा कमी ६२०.५६. हा फरक एक टक्क्याच्याही आत आहे, म्हणून ‘बँक चार्जेस’ असा एकच शेरा मारून तो खर्ची टाकण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण या ६२०.५६ मध्ये दोन वेगळ्या जातीच्या रकमा आहेत. ६५ डॉलर परदेशी बँकांनी कापले. ती रक्कम खरेदीदाराने दिली होती, निर्यातीचे मूल्य घटलेले नाही, आणि ड्रॉबॅकच्या हिशेबात अशा कपातीकडे कसे पाहायचे याचा खुलासा सीमाशुल्क मंडळाने २०१९ च्या परिपत्रकात केलेला आहे. ५५५.५६ डॉलर मात्र खरेदीदाराने दिलेच नाहीत. इथे मालाचे मूल्यच कमी झाले. ही घट बँकेला कारणासह कळवून, तिच्या मान्यतेने बिलाची किंमत कमी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी तिकडच्या वजनाचा दाखला व खरेदीदाराचे दाव्याचे पत्र लागते. पहिल्या रकमेचा पुरावा पैशाच्या संदेशातच असतो: खरेदीदाराच्या बँकेला किती पाठवायला सांगितले आणि प्रत्यक्ष किती हस्तांतरित झाले, या दोन रकमा तिथे वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात, आणि खर्च कुणाच्या माथी हेही लिहिलेले असते. म्हणून बँकेकडून नुसता दाखला न मागता संदेशाची प्रतही मागावी. दाखल्यावर फक्त पोहोचलेली रक्कम असते. कापलेली रक्कम संदेशावरूनच कळते.

एफओबीचा सापळा याहून फसवा आहे. शिपिंग बिलावर सरकारी सवलतींच्या हिशेबासाठी ठळकपणे दिसते ती एफओबी किंमत, इथे ९१,०००. कुणी आलेले ९१,९३६.४४ डॉलर तिच्याशी ताडून पाहिले, तर पैसा ९३६ डॉलरनी जास्तच आलेला दिसतो. वसुली पूर्ण, उलट वर काही! प्रत्यक्षात आलेल्या पैशात जहाजाचे १,५५७ डॉलर भाडे धरलेले आहे. ते वजा केले की मालापोटी आलेले उरतात ९०,३७९.४४, म्हणजे एफओबीपेक्षा तेच ६२०.५६ डॉलर कमी. भाड्यासहित पैसा भाड्याविना किमतीशी ताडणे ही चूक इतकी सहज होते की तूट असलेली बिले वर्षानुवर्षे ‘पूर्ण वसूल’ म्हणून मिरवतात. इनव्हॉइसशी इनव्हॉइसची पूर्ण रक्कम ताडायची, एफओबीशी भाडे, विमा आणि कमिशन वजा केलेली रक्कम. दोन्हींत फरक सारखाच निघाला तरच हिशेब बरोबर.

रुपयात ताडण्याबद्दलही असेच. जिनिंगच्या खातेवहीत सगळे रुपयात असते, म्हणून रुपयांची बेरीज करून पाहावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शिपिंग बिलावर रुपयाची किंमत कस्टमने ठरवून दिलेल्या दराने येते आणि खात्यात पैसे बँकेच्या त्या दिवशीच्या दराने पडतात. समजा कस्टमचा दर ८४ होता, आगाऊ रक्कम ८४.२० ने बदलली आणि बाकी ८५.१० ने. इनव्हॉइस रुपयात ७७,७४,७८८ चे, जमा झाले ७८,०७,१८६. वहीत ३२ हजारांहून जास्त फायदा दिसतो, आणि त्याखाली सुमारे ५३ हजारांची डॉलरमधली तूट गाडली जाते. तो फायदा दरातल्या फरकाचा, मालाच्या वसुलीशी त्याचा संबंध नाही. जुळणी इनव्हॉइसच्या चलनातच करायची, रुपयातला फरक विनिमयाच्या खात्याला वेगळा न्यायचा.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. हे सगळे बँकेचे काम आहे, तिच्याकडे माणसे आहेत, प्रणाली आहे, माजलगावच्या जिनिंगवाल्याने यात का पडावे? लेटर ऑफ क्रेडिटवर माल गेला तर हे बरेचसे खरे आहे. तिथे कागद बँकेतून जातात, पैसा त्याच बिलाच्या क्रमांकावर येतो आणि जोडणीला फारशी चुकण्याची जागा उरत नाही. पण खुल्या खात्यावरच्या आणि आगाऊ पैशाच्या व्यवहारात बँकेला दिसतो तो फक्त आलेला पैसा. कराराचा क्रमांक, प्रोफॉर्मातला अंदाज, वजनाचा वाद, हे तिला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शिवाय बीड जिल्ह्यातल्या अनेक शाखांतून परकी चलनाचे काम होत नाही. ते बँकेच्या नेमलेल्या मोठ्या शाखेत होते, जिथल्या अधिकाऱ्याने ही जिनिंग पाहिलेलीही नसते. आणि २०२३ च्या अखेरीपासून ई-बीआरसी काढण्याचे काम निर्यातदाराच्याच हाती आले आहे. बँका आयआरएमच्या नोंदी पोर्टलवर पाठवतात, त्यातली कोणती कोणत्या शिपिंग बिलाला लावायची हे निर्यातदार स्वतः निवडतो आणि स्वतः प्रमाणित करतो. जोडणीवर सही त्याची असते, मग चूकही त्याचीच ठरते.

यात भर म्हणून दोन वह्या वेगवेगळ्या चालतात. ई-बीआरसी महासंचालनालयाच्या पोर्टलवर, शिपिंग बिलाचे उघडे-बंद रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत. एकीकडे दाखला निघाला म्हणून दुसरीकडे बिल बंद होत नाही. तिथे ते बंद करण्यासाठी बँकेकडे वेगळी विनंती आणि कागद द्यावे लागतात. कुलूप एका दाराला लावून दुसरे उघडे ठेवल्यासारखे हे होते, आणि दुसरे दार उघडे आहे हे पुष्कळदा पुढच्या खेपेच्या वेळी, बँक थकीत बिलांची यादी पुढे करते तेव्हा कळते. म्हणून ई-बीआरसीची प्रत ही जुळणी पूर्ण झाल्याची खूण मानू नये. बँकेकडून उघड्या बिलांची आणि न लागलेल्या रकमांची यादी ठरावीक काळाने मागवावी. त्या यादीत एक गोष्ट बघायची: एकाच रकमेचे वेगवेगळ्या बिलांना लावलेले भाग मिळून त्या रकमेइतकेच भरतात का. जास्त भरले तर एकच पैसा दोनदा वापरला गेला. कमी भरले तर न लागलेले काही शिल्लक आहे आणि त्याला स्पष्टीकरण हवे.

निर्यातीत एफआयआरसीचे जुने महत्त्व ज्या एका जागी अजून टिकून आहे ती जागा म्हणजे दोन बँकांचा पेच. शिपिंग बिलावर ज्या बँकेचा एडी कोड असतो, त्या बँकेच्या यादीत ते बिल उघडे दिसते. कर्ज एका बँकेत, पण खरेदीदाराला दिलेला खाते क्रमांक दुसऱ्या बँकेचा, असे झाले की बिल एका बँकेत आणि पैसा दुसऱ्या बँकेत अडकतो. दोन्हींना एकमेकांचे काही दिसत नाही. रकमा सेंटपर्यंत जुळल्या तरी बिल उघडेच राहते. अशा वेळी पैसा मिळालेल्या बँकेने इलेक्ट्रॉनिक एफआयआरसी काढून ती नोंद दुसरीकडे सोपवावी लागते, किंवा बिलच पैसा असलेल्या बँकेकडे हलवावे लागते. सगळ्यात स्वस्त उपाय मात्र प्रोफॉर्मावरच असतो: खाते क्रमांक छापण्याआधी तो एडी कोडच्याच बँकेचा आहे ना, हे बघणे.

पाठवणाऱ्याचे नाव हा तसाच प्रश्न. हायफाँगच्या गिरणीने माल घ्यावा आणि पैसा तिच्या सिंगापूरच्या भगिनी कंपनीकडून यावा, हे कापसाच्या व्यापारात नवल नाही. नियमांत तिऱ्हाइताकडून पैसा घ्यायला परवानगी आहे, पण तो व्यवहार कागदावर असला पाहिजे: करारात किंवा इनव्हॉइसवर पैसा देणाऱ्याचे नाव, आणि दोघांचा संबंध दाखवणारा पुरावा. पैसा येऊन पडल्यावर असा कागद मागच्या तारखेने तयार करू पाहणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय तो सहज पकडला जातो, कारण शिपिंग बिलावर खरेदीदाराचे नाव आधीच गेलेले असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. सहाशे डॉलरसाठी एवढी यातायात कशाला? रिझर्व्ह बँकेनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा लाख रुपयांपर्यंतच्या बिलांची नोंद निर्यातदाराच्या लेखी घोषणेवर बंद करण्याची मुभा दिलीच आहे.  बीडच्या सीताफळाच्या गराची छोटी खेप कुणी परदेशी पाठवली तर तिला ही सवलत खरोखर उपयोगाची, आणि तिथे मी वर सांगितलेला सगळा खटाटोप करावा असे म्हणणार नाही. पण दोन कंटेनर रुई ही पाऊण कोटीच्या वरची गोष्ट आहे. आणि छोट्या बिलातही घोषणा म्हणजे पैसा मिळाला असे लिहून देणेच असते. सवलत कागद कमी करते, जबाबदारी तशीच राहते. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसुलीची मुदत नऊ महिन्यांवरून पंधरा महिन्यांवर गेली, याचाही असाच उलटा परिणाम मला दिसतो. मुदत वाढली म्हणून जुळणी पुढे ढकलली, तर सव्वा वर्ष उलटल्यावर वजनाचा दाखला, संदेशाची प्रत आणि तो फोनवर ठरलेला तोडगा, यांतले काहीही सापडत नाही. आणि मुदत संपून पैसा न आलेल्या भागापुरता निर्यातीवर घेतलेला जीएसटीचा परतावा तीस दिवसांत परत भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ती रक्कम रीतसर माफ झालेली असेल तर ही वसुली टळते. म्हणजे ५५५.५६ डॉलरला ‘घट’ हे नाव वेळेत मिळाले की नाही, यावर पुढचा हिशेब अवलंबून असतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत खोल आहे: एवढे सगळे जुळवूनही पैसा ‘बरोबर’ आला हे सिद्ध होते का? पूर्ण होत नाही. जुळणी पैसा आणि कागद यांची असते, कागद आणि गाठ यांची नसते. इनव्हॉइसवरचा भावच मुद्दाम चढा किंवा उतरता लावला असेल, तर पैसा त्या खोट्या भावाशी तंतोतंत जुळेल, आणि वर सांगितलेली प्रत्येक तपासणी बिनबोभाट पार पडेल. त्यासाठी त्या आठवड्याचा बाजारभाव आणि रुईची लांबी, मायक्रोनेअर, कचऱ्याचे प्रमाण पाहावे लागते. ते काम वेगळ्या माणसाचे. उलट वजनाची तूट दरवेळी त्याच खरेदीदाराकडून आणि दरवेळी जवळपास तेवढीच येत असेल, तर ती वजनाची तूट नसून ठरवून दिलेली छुपी सूट असण्याची शक्यता बळावते, आणि हे मात्र फरकांना वेगवेगळी नावे देऊन ठेवणाऱ्यालाच दिसू शकते. ‘बँक चार्जेस’ या एकाच शेऱ्याखाली सगळे टाकणाऱ्याच्या वहीत ती सूट कुठेच वेगळी उमटत नाही. या फाईलमध्ये निर्यातदाराने, बँकेने किंवा कस्टमने न बनवलेला एक महत्त्वाचा कागद असतो: हायफाँगच्या वजनकाट्याचा दाखला. तो तिथल्या स्वतंत्र तपासणी संस्थेचा आहे की गिरणीच्या स्वतःच्या काट्याचा, हे दाव्याची रक्कम मान्य करण्याआधी पाहावे.